तासाला ३० डॉलर की ८? पॉडकास्ट एडिटिंगच्या जोडधंद्याचा तीन महिन्यांचा हिशेब

माझी धाकटी बहीण नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी पॉडकास्टचं ऑडिओ एडिटिंग करते. काम एका फ्रीलान्सिंग प्लॅटफॉर्मवरून मिळतं, मोबदला डॉलरमध्ये ठरतो. वर्षभर हे चाललं, आणि एक दिवस तिने मला विचारलं, "ताई, मला यात तासाला ३० डॉलर पडतात. नोकरीत इतके पडत नाहीत. मग नोकरी अर्धवेळ करून हेच वाढवू का?"

मी लहान व्यवसायांच्या हिशेबवह्या लिहिते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. तिचं गणित सोपं होतं. एका एपिसोडचे ६० डॉलर, एपिसोडला दोन तास, म्हणून तासाला ३०. यातला ६० चा आकडा प्लॅटफॉर्मच्या पडद्यावरचा होता आणि दोन तासांचा आकडा तिच्या आठवणीतला. दोन्ही तपासल्याशिवाय नोकरीला हात लावू नकोस, एवढंच मी तिला सांगितलं आणि आम्ही पुढच्या तीन महिन्यांची नोंद ठेवायचं ठरवलं.

तीन महिने का, हे आधी सांगते. एका महिन्याचा हिशेब अशा कामात फसवतो. एखाद्या महिन्यात वर्षभराची वर्गणी भरली जाते, एखाद्या महिन्यात नवं काम शोधण्यात संध्याकाळी जातात, आणि पैसे तर काम संपल्यावर काही आठवडे प्लॅटफॉर्मवर अडकून राहतात. एका महिन्याचे तास आणि त्याच महिन्यात खात्यावर आलेले पैसे यांचा भागाकार केला, तर एका कामाचे तास दुसऱ्याच कामाच्या पैशांना लागतात. म्हणून आम्ही नियम केला, की पैसे ज्या एपिसोडचे त्या एपिसोडच्या तारखेला मांडायचे, खात्यावर कधीही येवोत.

पैशाची बाजू

तीन महिन्यांत तिने २५ एपिसोड केले. पैसे २४ चे मिळाले. एक ऑर्डर काम झाल्यावर रद्द झाली, कारण क्लायंटचा पाहुणा नाराज झाला आणि तो एपिसोड त्याला प्रसिद्धच करायचा नव्हता. तिची चूक काहीच नव्हती, पण पैसे परत गेले. २४ गुणिले ६०, म्हणजे पडद्यावरची कमाई १,४४० डॉलर.

प्लॅटफॉर्म यातून शेकडा २० कापतो. हे काही जगावेगळं नाही, फायव्हर या फ्रीलान्सिंग प्लॅटफॉर्मवरही विक्रेत्याच्या हातात ८० टक्केच पडतात. १,४४० चे २८८ गेले, राहिले १,१५२. इथपर्यंतचा आकडा तिला माहीत होता. "कमिशन जातं गं थोडं," असं ती म्हणायची, पण तासाचा दर सांगताना मात्र ६० वरूनच सांगायची. असं खूप जण करतात. दर क्लायंटशी बोलताना ठरतो, तोंडात तोच आकडा बसतो आणि कापून आलेल्या आकड्याशी नातं जुळतच नाही.

त्यानंतरची गळती तिला दिसली नव्हती. ती दर महिन्याला एकदा पैसे बँकेत काढायची आणि दर वेळी ३ डॉलर शुल्क लागायचं. तिनदा काढले, ९ डॉलर गेले. राहिले १,१४३. हे शुल्क पावतीवर छापलेलं असतं, त्यामुळे ते सापडतं तरी. चलन बदलण्यात गेलेले पैसे मात्र कुठल्याच पावतीवर वेगळे लिहिलेले नव्हते. पावतीवर फक्त "या दराने रूपांतर केलं" एवढंच असतं, आणि तो दर बाजारातल्या मधल्या दरापेक्षा थोडा खालचा असतो. फरकाला कोणी शुल्क म्हणत नाही, म्हणून तो खर्चात धरलाच जात नाही.

तो शोधायची रीत अशी. खात्यावर आपल्या चलनात नेमकी किती रक्कम जमा झाली ते बघायचं. त्या दिवशीचा बाजारातला मधला दर, म्हणजे खरेदी आणि विक्री यांच्या मधोमध असलेला, कुठल्याही चलन-दर दाखवणाऱ्या साइटवरून घ्यायचा. जमा रकमेला त्या दराने भागलं, की ते पैसे किती डॉलरच्या मोलाचे होते ते कळतं. बहिणीच्या तिन्ही वेळच्या जमेचं असं मोल काढलं तर १,११० डॉलर भरले. निघाले होते १,१४३. मधले ३३ डॉलर, म्हणजे शेकडा २.९, दरात विरघळले होते. पैसे काढण्याचं शुल्क ९ आणि हे ३३. पावतीवर छापलेल्या शुल्कापेक्षा साडेतीन पटीहून मोठं नुकसान तिला माहीतच नव्हतं.

सॉफ्टवेअर आणि साधनं

इथे दोन चुका सहज होतात. एक, काही धरायचंच नाही. दुसरी, घरातलं सगळंच धरायचं. आम्ही एकच प्रश्न विचारत गेलो: हे काम उद्या बंद केलं तर हा खर्च थांबेल का, किंवा हे काम नसतं तर ही वस्तू घेतली असती का?

एडिटिंग सॉफ्टवेअरची वर्गणी महिन्याला २० डॉलर, तीन महिन्यांचे ६०. हे सरळ होतं. आवाजातली खरखर काढणारं प्लगइन तिने एकदाच १४४ डॉलरला घेतलं होतं. ते निदान तीन वर्षं चालेल असं धरलं, तर महिन्याला ४ आणि तिमाहीला १२. हेडफोन १२० डॉलरचे, तेही तीन वर्षांवर वाटले, तिमाहीला १०. क्लाउड स्टोरेज तिच्याकडे आधीपासून होतंच, पण ऑडिओच्या फाइलींमुळे मोठा प्लॅन घ्यावा लागला होता. तिथे पूर्ण प्लॅनची किंमत न धरता फक्त वाढलेला फरक धरला, महिन्याला ३ म्हणजे ९. इंटरनेट शून्य धरलं, कारण ते या कामाशिवायही असतंच. कॉम्प्युटरही जुना, घरातलाच, म्हणून शून्य. तो मोडल्यावर याच कामासाठी नवा घ्यावा लागला तर त्या दिवसापासून त्याचा वाटा या वहीत येईल.

उरली एक वर्गणी. ध्वनिमुद्रणावरून मजकूर करून देणाऱ्या सेवेची, वर्षाचे ९६ डॉलर एकदम भरलेले, तिमाहीला २४. कशासाठी घेतली म्हणून विचारलं तर म्हणाली, "एका क्लायंटला एपिसोडचा सारांश हवा होता." तो क्लायंट दोन एपिसोडनंतर गेला होता. वर्षाची वर्गणी भरली, की ती डोळ्यांआड होते. महिन्याच्या खर्चात दिसत नाही, बँकेच्या विवरणात वर्षातून एकदाच येते. म्हणून खर्च शोधताना फक्त गेल्या तीन महिन्यांचं विवरण चाळू नका, मागच्या बारा महिन्यांचं चाळा.

सगळं मिळून ११५ डॉलर. १,११० मधून ते गेले, राहिले ९९५.

तासांची बाजू

नोंद कशी ठेवायची यावर आमचं थोडं वाजलं. तिला फोनमधलं टायमर अ‍ॅप हवं होतं. पहिल्या आठवड्यात तिने ते वापरलं आणि निम्म्या वेळा सुरू करायला विसरली, दोनदा बंद करायला विसरली. मग कॉम्प्युटरशेजारी एक साधी वही ठेवली. बसताना वेळ लिहायची, उठताना वेळ लिहायची, पुढे एका शब्दात काय केलं ते. सात प्रकार ठरवले होते: एडिटिंग, दुरुस्त्या, निरोप, फाइलींची ने-आण, काम शोधणं, शिकणं, हिशेब. याहून बारीक प्रकार केले की लिहायचा कंटाळा येतो आणि नोंद थांबते.

पहिला धक्का एडिटिंगलाच बसला. दोन तासांच्या जागी सरासरी २ तास ३६ मिनिटं भरली. रेकॉर्डिंगमधली अडखळणी, "अं" आणि लांबलेले श्वास काढणं, खरखर कमी करणं, दोन्ही माणसांचा आवाज सारखा करणं, सगळ्याची पातळी पॉडकास्टसाठी साधारण धरतात त्या -16 LUFS वर आणणं आणि शेवटी अख्खा एपिसोड एकदा कानांनी ऐकणं, एवढं त्यात येतं. शेवटचं ऐकणं तिच्या दोन तासांत कधीच नव्हतं. अर्ध्या तासाचा एपिसोड ऐकायला अर्धा तासच लागतो, आणि तो न ऐकता पाठवला तर दुरुस्तीत त्याहून जास्त जातो. २५ एपिसोडचे मिळून ६५ तास झाले.

दुरुस्त्यांचे १४ तास होते. यातली एक मी शेजारी बसून पाहिली, कारण तिला ते "पाच मिनिटांचं काम" वाटायचं. क्लायंटचा निरोप आला, की बाराव्या मिनिटाला पाहुण्याचा आवाज दबतोय. तिने घड्याळ पाहून वहीत ९:०४ लिहिलं. जुनं प्रोजेक्ट शोधलं, उघडलं, सगळे ट्रॅक लोड होईपर्यंत थांबली. ती जागा शोधली, आधीचं आणि नंतरचं एकेक मिनिट ऐकलं. आवाज वाढवला तर मागची खरखर वर आली, मग ती पुन्हा कमी केली. ही खरी दुरुस्ती चार मिनिटांची झाली. त्यानंतर संपूर्ण फाइल पुन्हा एक्स्पोर्ट, जोड नीट लागला का ते तपासणं, अपलोड, आणि "आता बघा" असा निरोप. वहीत लिहिलेली वेळ ९:३५. चार मिनिटांच्या कामाला ३१ मिनिटं. दोन दिवसांनी त्याच क्लायंटचा, त्याच एपिसोडसाठी पुढचा निरोप आला आणि तीच ३१ मिनिटं पुन्हा. दुरुस्तीचा खर्च ती किती मोठी आहे यावर फारसा ठरत नाही, ती किती वेळा स्वतंत्रपणे येते यावर ठरतो.

निरोप मोजणं सगळ्यात अवघड गेलं. ते फोनवर, जेवताना, झोपायच्या आधी चालतात आणि एकेक निरोप दोन-तीन मिनिटांचा असतो. प्रत्येकाची वेळ लिहिणं अशक्य होतं. आम्ही एक आठवडा काटेकोर मोजला, सरासरी एका निरोपाला किती मिनिटं जातात ते काढलं, आणि तिमाहीत किती निरोप झाले ते प्लॅटफॉर्मच्या इनबॉक्समधून मोजून गुणाकार केला. ११ तास निघाले. हा अंदाज आहे, पण शून्य धरण्यापेक्षा सत्याच्या खूप जवळचा.

फाइली उतरवणं, नावं देणं, चढवणं यात ८ तास. इथे तिने विचारलं, "एक्स्पोर्ट चालू असताना मी नुसती बसलेली असते, तो वेळ धरायचा का?" आम्ही असं ठरवलं, की खुर्ची सोडून घरातलं दुसरं काम करता येत असेल तर धरायचा नाही. पाच मिनिटांत परत बघावं लागणार म्हणून बसून राहावं लागत असेल तर धरायचा. काम शोधण्यात १७ तास गेले. तिमाहीत तिने २२ प्रपोजल पाठवली, काहींना नमुना म्हणून दोन मिनिटांचं एडिटिंग फुकट करून दिलं. त्यातून तीन क्लायंट मिळाले. शिकण्यात ५, हिशेबात ३.

६५, १४, ११, ८, १७, ५, ३. बेरीज १२३ तास. तिच्या डोक्यात या तिमाहीचे ४८ तास होते.

भागाकार

स्प्रेडशीटमध्ये `B2` ला पडद्यावरची कमाई, `B3` ते `B6` मध्ये कमिशन, पैसे काढण्याचं शुल्क, चलनातला फरक आणि साधनांचा खर्च, आणि `B8` ते `B14` मध्ये सात प्रकारचे तास मांडले.

```
=(B2-B3-B4-B5-B6)/SUM(B8:B14)
```

९९५ भागिले १२३. उत्तर ८.०९ डॉलर.

ती बराच वेळ पडद्याकडे बघत होती. मग म्हणाली, "प्लॅटफॉर्मने एवढं खाल्लं?" हा प्रश्न स्वाभाविक होता, म्हणून आम्ही दोन्ही बाजू सुट्या करून पाहिल्या. तास तिच्या आठवणीतलेच, ४८, ठेवले आणि फक्त पैसे खरे घेतले, तर ९९५ भागिले ४८, म्हणजे २०.७३. उलट पैसे पडद्यावरचेच, १,४४०, ठेवले आणि फक्त तास खरे घेतले, तर ११.७१. म्हणजे सगळी शुल्कं, कमिशन आणि वर्गण्या मिळून ३० चे जवळपास २१ करतात. न मोजलेला वेळ एकटा ३० चे १२ च्याही खाली आणतो. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते. कमिशन दिसतं, टोचतं, त्यावर राग येतो. पण ते तिच्या हातात नाही, आणि जो मोठा वाटा जातो तो तिच्या स्वतःच्या कामाच्या पद्धतीतून जातो, म्हणून तो बदलता येतो.

कर मी मुद्दाम वेगळा ठेवला. तो देशागणिक आणि माणसागणिक बदलतो. एक गोष्ट मात्र जिथे टप्प्याटप्प्याने कर वाढतो तिथे सगळीकडे लागू आहे: नोकरीचा पगार खालचे टप्पे आधीच वापरून टाकतो, त्यामुळे जोडधंद्याच्या पैशांवर वरच्या टप्प्याचा दर लागतो. समजा तो शेकडा २० असेल, तर ९९५ चे ७९६ राहतात आणि तास ६.४७ वर येतो. आणि कर भरताना १,४४० हे उत्पन्न दाखवून बाकीचे आकडे खर्च म्हणून मांडावे लागत असतील, तर कमिशनच्या आणि वर्गण्यांच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात, नाहीतर हातात न पडलेल्या पैशांवरही कर बसतो.

सरासरीच्या पोटात काय आहे

८.०९ हा आकडा खरा आहे, पण त्यावरून पुढे काय करायचं ते कळत नाही. धंदा बंद करावा, असंही त्यातून निघत नाही. म्हणून वहीतले तास क्लायंटनुसार वाटले. काम शोधणं, शिकणं आणि हिशेब हे २५ तास कुणा एकाचे नव्हते, ते बाजूला ठेवले. उरलेले ९८ तास असे पडले. (प्रत्येक पैसे मिळालेल्या एपिसोडमागे खात्यावर आले ४६.२५ डॉलर, साधनांचा खर्च वजा करण्याआधी.)

पहिल्या क्लायंटचे १२ एपिसोड, ३० तास. एकच माणूस बोलतो, चांगल्या मायक्रोफोनवर, शांत खोलीत. एपिसोडला सगळं धरून अडीच तास, म्हणजे तासाला १८.५० डॉलर.

दुसऱ्या क्लायंटचे ८ एपिसोड, ४४ तास. मुलाखती, दोन माणसं, पाहुणा बहुतेक वेळा लॅपटॉपच्या माइकवर. एपिसोडला साडेपाच तास, तासाला ८.४१.

बाकी सुटे क्लायंट. पाच एपिसोड केले, चारचे पैसे, २४ तास. तासाला ७.७१. आणि काम शोधण्याचे ते १७ तास गेले होते ते याच सुट्या क्लायंटसाठी. ते त्यांच्याच नावावर टाकले तर १८५ डॉलर भागिले ४१, तासाला साडेचारच्या आसपास.

तिन्हींना दर एकच होता, एपिसोडला ६०. का? कारण तयार एपिसोड तिन्हींचा साधारण अर्ध्या तासाचाच असायचा आणि तिने दर तयार एपिसोडवर लावला होता. पण पहिला क्लायंट ३५ मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवायचा आणि दुसरा ९५ मिनिटांचं. ९५ मिनिटं दीडपट वेगाने ऐकली तरी पहिला काप घालायच्या आधीच तासाभराहून जास्त वेळ जातो. काम कच्च्या मिनिटांवर वाढतं आणि ती पैसे पक्क्या मिनिटांचे घेत होती. हे कळल्यावर ती म्हणाली, "म्हणजे ताई, मी त्याला एक तास दर वेळी फुकट देतेय." त्याहून जास्तच देत होती.

दुसऱ्या क्लायंटकडून पहिल्याइतका तासाचा दर हवा असता तर एपिसोडला सुमारे १३२ डॉलर मागावे लागले असते. तो देणार नाही हे स्पष्ट होतं. तिने दोन गोष्टी एकत्र मांडल्या. दर ८५, कारण रेकॉर्डिंग लांब आहे. आणि दुरुस्त्यांची एकच फेरी: त्याने एपिसोड पूर्ण ऐकायचा, मिनिट-सेकंदासह सगळ्या सूचना एका यादीत लिहायच्या आणि एकदाच पाठवायच्या. मला वाटलं होतं दरावर घासाघीस होईल. त्याने दर लगेच मान्य केला आणि यादीवर मात्र कुरकुर केली, कारण आता ऐकायचं काम त्याच्याकडे आलं होतं. शेवटी दोन्ही मान्य झालं.

सुटी कामं तिने घ्यायची थांबवली.

पुढची तिमाही

पहिल्या क्लायंटचे १२ एपिसोड ६० ने, दुसऱ्याचे ८ एपिसोड ८५ ने. पडद्यावरची कमाई १,४०० डॉलर, म्हणजे आधीपेक्षा ४० ने कमी. कमिशन २८०. पैसे तीन महिन्यांतून एकदाच काढले, शुल्क ३. चलनात ३२ गेले, ते टळले नाहीत. साधनांचे ११५ तसेच राहिले, कारण मजकुराच्या सेवेची वर्षाची वर्गणी आधीच भरून झाली होती आणि तिचा वाटा वर्ष संपेपर्यंत वहीत येणारच. हाती उरले ९७०.

तास: पहिल्याचे ३०. दुसऱ्याचा एपिसोड सव्वाचार तासांवर आला, म्हणून ३४. काम शोधण्यात ४, हिशेबात २, शिकण्यात १. एकूण ७१. तासाला १३.६६ डॉलर.

दोन तिमाही शेजारी ठेवल्या तर हातातले पैसे ९९५ वरून ९७० झाले आणि तास १२३ वरून ७१. पंचवीस डॉलर कमी, बावन्न तास मोकळे. यात दुसऱ्या क्लायंटने वाढवलेल्या दराचाही हात आहे, त्यामुळे सगळं श्रेय सुटी कामं सोडण्याला देता येणार नाही. दर वाढला नसता तर हाती दीडशे डॉलर आणखी कमी आले असते. पण तेव्हाही तास साडेअकराच्या आसपास पडला असता.

या १३.६६ मध्ये एक कच्चा दुवा आहे आणि तो मी तिला स्पष्ट दाखवला. काम शोधण्याचे तास १७ वरून ४ वर आले म्हणून आकडा सुधारला, पण आता सगळं उत्पन्न दोन माणसांवर उभं आहे. त्यातला एक उद्या थांबला तर ते १३ तास एकदम परत येतील, तेही ज्या महिन्यांत कमाई कमी असेल त्याच महिन्यांत. शोधण्याचा वेळ टाळला जात नाही, पुढे ढकलला जातो. म्हणून एका तिमाहीचा चांगला आकडा बघून हुरळून न जाता वर्षाची सरासरी बघायची, असं आम्ही ठरवलं आहे.

नोकरीचा प्रश्न अजून तसाच आहे, पण आता तिच्याकडे तो नीट विचारण्याची सोय आहे. नोकरीचा तासही याच पद्धतीने काढायला मी तिला सांगितलं: कर जाऊन हाती येणारा पगार, भागिले कामाचे तास अधिक येण्या-जाण्याचे तास, घरून उघडलेल्या ईमेलचे तास. पगारी रजेचे दिवस पैशात धरायचे आणि तासांत धरायचे नाहीत. एकीकडे करानंतरचा आकडा आणि दुसरीकडे कराआधीचा, अशी तुलना करायची नाही. तिने ते केलं आणि नोकरीचे तास आहेत तसेच ठेवले.

गेल्या आठवड्यात एका नव्या माणसाने तिला विचारलं, अर्ध्या तासाच्या एपिसोडचे किती घेणार. पूर्वी ती लगेच ६० लिहून मोकळी झाली असती. या वेळी तिने तीन प्रश्न पाठवले: कच्चं रेकॉर्डिंग किती मिनिटांचं असतं, किती जण बोलतात आणि प्रत्येकाचा माइक वेगळा आहे का, आणि दुरुस्त्या एका यादीत देता येतील का. उत्तर यायचं आहे. प्रश्न लिहायला लागलेली सहा मिनिटं तिने वहीत "काम शोधणं" या रकान्यात मांडली आहेत.